लंडनचं सोनं न्यूयॉर्कला का गेलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

लंडन आणि न्यूयॉर्कच्या दरांतल्या फरकाचा फायदा घेण्यासाठी, म्हणजे आर्बिट्राजसाठी, सोनं हललं असं मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली :

«आर्बिट्राज म्हणे! इथे घ्यायचं, तिथे विकायचं, एवढं सोपं असतं तर दरातला फरक तासाभरात मिटला असता. २०२५च्या सुरुवातीला तो कित्येक आठवडे टिकला. म्हणजे आतली गोष्ट वेगळीच आहे, आणि तुम्ही ती झाकताय.»

तुमचा प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. स्क्रीनवरचा सौदा सेकंदात होतो, पण फरक मिटवायला शेवटी धातूच हलवावा लागतो. तो किती वेगाने हलतो, त्यावर फरक किती टिकेल हे ठरतं.

अमेरिका सोन्यावरही आयातशुल्क लावेल या धास्तीने न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदेबाजारातला वायदा, म्हणजे पुढच्या मुदतीला ठरल्या भावाने सोनं देण्याचा करार, लंडनच्या हजर भावापेक्षा, म्हणजे लगेच मिळणाऱ्या सोन्याच्या भावापेक्षा, बराच वर गेला. समजा लंडनमध्ये औंसाला २,८०० डॉलर आणि वायदा २,८४०. व्यापारी लंडनमध्ये सोनं घेतो आणि त्याच क्षणी तेवढाच वायदा विकतो. यानंतर भाव कुठेही जावो, ४० डॉलरचा फरक बांधला गेला. आता फक्त मुदतीला माल हजर करायचा.

इथेच खरी अडचण येते. लंडनची वीट साधारण ४०० औंसांची, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास. कॉमेक्सच्या या वायद्यात ती चालत नाही. तिथे १०० औंसांचा एक बार किंवा एक किलोचे तीन बार द्यावे लागतात. म्हणून वीट आधी स्वित्झर्लंडच्या रिफायनरीत जाते, तिथे वितळवून किलोबार पाडतात आणि मग ते विमानाने न्यूयॉर्कच्या तिजोरीत पोचतात. त्यात बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरातून विटा बाहेर काढायलाच कित्येक आठवड्यांची रांग लागली होती.

रांगेत थांबणं फुकट नसतं. ५ टक्के व्याज धरलं तर २,८०० डॉलरवर महिन्याला साधारण १२ डॉलर जातात. वाहतूक, विमा आणि पुन्हा ओतण्याचे मिळून ५ धरू. माल महिन्यात पोचला तर ४० पैकी २३ हाती राहतात, दोन महिने लागले तर ११, आणि तीन महिन्यांत जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून दिसणारा सगळा फरक नफा नसतो. त्यातला व्याजाचा भाग तर शांत बाजारातही वायद्यात असतोच.

माल पोचण्याआधीच शुल्क लागू झालं तर काय, हा धोका वेगळाच. तो घ्यायला फार थोडे तयार असतात, हेही फरक टिकण्याचं कारण.

लपवाछपवीबद्दल म्हणाल, तर कॉमेक्सच्या तिजोऱ्यांतला साठा रोज जाहीर होतो आणि त्या महिन्यांत तो झपाट्याने वाढताना सगळ्यांना दिसत होता. २ एप्रिल २०२५ला शुल्कातून सोन्याच्या बारना सूट मिळाली आणि फरक आकसला. मार्च २०२०मध्येही असाच फरक वाढला होता. तेव्हा शुल्काचा प्रश्नच नव्हता. कोविडमुळे विमानं थांबली होती आणि स्विस रिफायनऱ्या बंद पडल्या होत्या.