'फिनिशिंगने फार तर दहा टक्के फरक पडतो' हे खरं नाही

"नुकतंच कुणी घर बांधलं असेल त्याला चौरस मीटरचा दर विचारा, आपल्या क्षेत्रफळाने गुणा, बजेट तयार. फिनिशिंग साधं घ्या नाहीतर भारी, फार तर दहा टक्के इकडेतिकडे. आणि खर्च वाढलाच तर शेवटी टाइल्स आणि नळ स्वस्तातले घेऊन भरून काढता येतो."

घर बांधायला निघालं की हा सल्ला ऐकायला मिळतो. त्यातल्या दुसऱ्याच्या दरापासून सुरुवात करू. तो दर कोणत्या क्षेत्रफळावर काढलाय, हे बहुतेक लोक विचारतच नाहीत. बाहेरच्या भिंतींच्या बाहेरून मोजलेलं 100 चौरस मीटरचं घर आतून, भिंती वजा करून मोजलं, तर साधारण 86 भरतं. त्या माणसाने एकूण खर्चाला 100 ने भागून दर सांगितला आणि तुम्ही तो आपल्या आतल्या 86 ला लावलात, तर बजेट पहिल्याच ओळीत 14 टक्क्यांनी कमी पडलं. अजून टाइलची गोष्टही निघालेली नाही! बाल्कनी पूर्ण धरली की अर्धी, जिना कुठे मोजला, कुंपण आणि पाण्याची टाकी दरात आहे की वेगळी, हेही त्याच दमात विचारून घ्यावं.

आता फिनिशिंगचा फरक. आकडे कुठल्याही चलनात न अडकवता धरू. 100 चौरस मीटरचं घर, दोन बाथरूम, एक स्वयंपाकघर, मध्यम दर्जाचं काम, दर चौरस मीटरला 100 एकक, म्हणजे एकूण 10,000. यातले 5,800 सांगाड्यात जातात, असं समजू: खोदकाम, पाया, कॉलम-बीम-स्लॅब, भिंती, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग. पाइप आणि वायरिंग 1,000. उरलेले 3,200 फिनिशिंगचे: फ्लोअरिंग 700, दारं-खिडक्या 900, दोन बाथरूम 650, स्वयंपाकघर 350, रंगकाम 400, स्विच आणि दिवे 200. घराघराप्रमाणे ही वाटणी बदलते, पण फिनिशिंगचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असणं अजिबात नवलाचं नाही.

आता याच घरात एक पायरी वर जाऊ. नकाशा तोच, सांगाडा तोच. फ्लोअरिंगचा खर्च 490 ने वाढला, दारं-खिडक्यांचा 720 ने, बाथरूमचा 780 ने, स्वयंपाकघराचा 350 ने, रंगाचा 160 ने, स्विच-दिव्यांचा 100 ने. भिंतीत दडवलेल्या फिटिंगसाठी पाइपकामात आणखी 200. वाढ झाली 2,800. दर 100 वरून 128 वर गेला आणि भिंतीची एक वीटही बदलली नाही. दहा टक्के हा आकडा बहुधा फक्त टाइल आणि रंग डोळ्यासमोर ठेवणाऱ्याचा असावा. त्या दोन गोष्टींपुरता तो चालूनही जाईल.

या हिशेबातली बाथरूमची ओळ नीट बघा. दोन्ही मिळून घराच्या एक दशांश जागेत आहेत आणि वाढीतला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग त्यांनी खाल्लाय. कारण साधं आहे. 2 मीटर बाय 2.5 मीटरचं बाथरूम, जमीन 5 चौरस मीटर. भिंतींचा घेर 9 मीटर, टाइल 2.1 मीटर उंचीपर्यंत, म्हणजे जवळजवळ 19 चौरस मीटर. दार वजा केलं की सव्वासतरा. जमीन धरून सव्वाबावीस, कापाकापी आणि फुटीसाठी दहा टक्के धरले की साडेचोवीस. पाच मीटरच्या खोलीला साडेचोवीस मीटर टाइल! वर कमोड, बेसिन, मिक्सर, शॉवर, आरसा. जमिनीच्या चौरस मीटरने हा खर्च मोजायचा प्रयत्न करणं म्हणजे दाराची किंमत त्याच्या वजनावरून काढणं.

दर उसना घेऊ नये याचं दुसरं कारणही इथेच आहे. हीच दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर 60 चौरस मीटरच्या घरात बसवा. त्यांचे मध्यम दर्जाचे 1,000 एकक मोठ्या घरात चौरस मीटरला 10 पडत होते, इथे पावणेसतरा पडतात. वरच्या दर्जाचे 2,130 तिथे एकवीस, इथे साडेपस्तीस. घर लहान, दर मोठा. मोठ्या घराचा दर ऐकून लहान घर बांधायला निघालेल्यांची फजिती इथे होते आणि खापर फुटतं ठेकेदारावर.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, तो लगेच उडवून टाकू: दुप्पट किमतीची टाइल घेतली म्हणून टाइलकाम दुप्पट होतंच असं नाही. मजुरी आणि खालचा मसाला त्याच प्रमाणात वाढत नाहीत. मात्र आकार खूप मोठा झाला की साधा मसाला पुरत नाही, चिकटवण्याचं केमिकल लागतं, खालचा थर एकसारखा सपाट लागतो, एक टाइल उचलायला दोन माणसं लागतात आणि कोपऱ्यात फुटली तर अख्खी वाया जाते. तिथे मजुरीही चढते. म्हणून मी ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये 'टाइल चांगल्या दर्जाची' हे शब्द दिसले की पेन उघडतो आणि बाजूला लिहितो: कोणत्या आकाराची, किती बेसिक रेटची, म्हणजे नुसत्या टाइलचा दर किती? 'चांगली' या शब्दाला दर नसतो.

शेवटी भरून काढण्याचं गणित तर सर्वांत कच्चं आहे. समजा पाया खोदताना माती खराब निघाली आणि 800 एकक जास्त गेले. वाटतं, फिनिशिंगचे 3,200 आहेत की! पण ही गोष्ट बहुतेक जणांना सुचते तेव्हा फ्लोअरिंग झालेलं असतं, खिडक्या लागलेल्या असतात. उरतात बाथरूम, स्वयंपाकघर, रंग, दिवे: 1,600. त्यातले 600 मजुरी आणि चिकटवण्या-भरण्याच्या सामानाचे धरले, तर ते स्वस्त वस्तू घेतल्याने हलत नाहीत. हातात राहिले 1,000 आणि त्यातून वाचवायचे आहेत 800. म्हणजे प्रत्येक वस्तू ठरवलेल्या किमतीच्या एक पंचमांशात आणायची. असला नळ वर्षभरात गळायला लागतो.

म्हणून एकच दर न धरता मी तीन मापं वापरतो. सांगाडा चौरस मीटरवर, दारं-खिडक्या त्यांच्या स्वतःच्या क्षेत्रफळावर, बाथरूम आणि स्वयंपाकघर नगावर. नुसतं स्केच असताना उत्तर एका आकड्यात न देता पल्ल्यात देतो. वरच्या उदाहरणात 100 ते 128, आणि मातीची तपासणी झालेली नसेल तर पायासाठी वेगळी शिल्लक. दर्जा मात्र स्लॅब टाकायच्या आधी ठरवून घेतो, कारण काही निर्णय नंतर स्वस्त करता येतच नाहीत. 18 मिलीमीटरचा दगड घालायचा म्हणून जमिनीची पातळी धरली, चौकटी त्या हिशेबाने बसवल्या आणि मग 9 मिलीमीटरची टाइल आणली, तर मधले 9 मिलीमीटर मसाल्याने भरावे लागतात. 100 चौरस मीटरला तो 0.9 घनमीटर मसाला होतो.