एमसीबी पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका

घराला आग लागली की बातमीत ‘शॉर्ट सर्किट’ असं कारण येतं आणि विषय संपतो. वायरिंगच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून सांगतो, शॉर्ट बरेचदा सगळ्यात शेवटी होतो. त्याआधी कित्येक दिवस एखादा जोड आतल्या आत तापत असतो.

परवा डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत गेलो होतो. ओट्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर १५०० वॅटची किटली आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह. दोन्ही एकदम लावले की २७०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ १२ अँपिअर. बोर्डाची पिन मात्र ६ अँपिअरची, वायरही तशीच बारीक. काकू म्हणाल्या, “लोड जास्त असता तर एमसीबी पडला नसता का हो?”

नसता पडला. त्या लाइनला १६ चा एमसीबी होता, त्याला १२ अँपिअर म्हणजे काहीच नाही. तो भिंतीतली वायर सांभाळतो, तुमचा बोर्ड नाही.

खरी गोम सैल सॉकेटात असते. आतल्या पितळी पट्ट्या वापरून ढिल्या पडतात, पिन घट्ट धरत नाहीत आणि तेवढ्या जागेपुरता रोध वाढतो. समजा तो एक दशांश ओहम झाला. १२ अँपिअरला तिथे १४ वॅटच्या वर उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या डबीत चालू ठेवून झोपल्यासारखंच! तापल्याने पट्टी आणखी ढिली होते, काळी पडते, अजून तापते. प्रवाह वाढत नाही, म्हणून एमसीबी गप्प. गळती नाही, म्हणून गळती पकडणारा आरसीसीबीही गप्प. लोड निम्मा केला तर उष्णता मात्र चौथ्या हिश्शावर येते.

हे ओळखता येतं. किटली किंवा इस्त्री वापरून झाली की स्विच बंद करा, पिन काढा आणि प्लास्टिकच्या भागाला हात लावून बघा. चटका बसतोय, भोक तपकिरी झालंय, चरचर ऐकू येतेय किंवा सुक्या मासळीसारखा वास येतोय, तर सॉकेट बदलायचं. पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरायचं नाही. इस्त्री, किटली, हीटर, इंडक्शन थेट भिंतीतल्या १६ च्या सॉकेटवर. बोर्ड टीव्ही, राउटर, लॅपटॉपपुरता.

जुन्या घरांत मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका जुगाडाचा. एसी लावला, १६ चा एमसीबी पडायला लागला, की कुणीतरी ३२ चा बसवून जातो. भिंतीत वायर तीच, एक चौरस मिलिमीटरची. आता एमसीबी पडायच्या आधी वायरच जळेल. एसीला आणि गिझरला डीबीपासून, म्हणजे एमसीबीच्या पेटीपासून, ४ चौरस मिलिमीटरची प्रत्येकी वेगळी लाइन ओढून घ्या. खर्च होतो, पण दुसरा इलाज नाही.

स्वस्त चार्जरचं दुखणं वेगळं. लोड किरकोळ, पण आत २३० व्होल्टची बाजू आणि मोबाइलची बाजू यांत पुरेसं अंतर ठेवलेलं नसतं, फ्युजही बरेचदा गायब. चार्जरवर बीआयएसचा R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो BIS Care ॲपमध्ये टाकून बघा. कंपनीचं नाव जुळलं नाही तर तो चार्जर उशीजवळच काय, घरातही नको.