हिरवा बबल आणि वीस टक्क्यांची थाप

“चॅट अ‍ॅपचा आयकॉन हिरवा आणि आत पांढरा बबल असाच ठेवा, लोक ओळखीच्या रंगावरच टॅप करतात. डिझाइन वीस टक्के बदललं की कायदा काही करू शकत नाही. कोपऱ्यात ‘फ्री’ची पट्टी लावा. लॅपटॉपवर मोठा करून बघा, उठून दिसला की झालं.”

हा फॉरवर्ड धरमपेठेतल्या माझ्या भाच्याकडे पोचला आणि पोरानं त्याबरहुकूम आयकॉन बनवूनही टाकला: हिरव्यावर पांढरा बबल, आत नागपुरी संत्रं.

आधी ते वीस टक्के. असा नियम कुठेच नाही. 1999च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 2(1)(एच) मध्ये कसोटी एवढीच आहे की दुसरं चिन्ह इतकं मिळतंजुळतं आहे का, की लोकांची फसगत किंवा गोंधळ होण्याचा संभव आहे. टक्के मोजणार कोण, अन् कशानं? गूगल प्लेच्या तोतयेगिरीविरुद्धच्या धोरणातही हाच निकष आहे, आणि तिथं तर कोर्टाचीही वाट बघत नाहीत, अ‍ॅप थेट काढून टाकतात. 2017 मध्ये प्लेवर व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं एक नकली अ‍ॅप दहा लाखांवर लोकांनी उतरवून घेतलं होतं. त्यामुळे हिरव्या बबलकडे संशयानं पाहिलं जाणारच.

‘फ्री’ची पट्टी प्लेच्या नियमात बसतच नाही. विषय संपला.

ओळखीचा आकार मदत करतो, हे अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल. बबलचं शेपूट दिसलं की हे गप्पांचं अ‍ॅप आहे हे कळतं. पण ते व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, गूगल मेसेजेस सगळ्यांकडेच आहे.

आता लॅपटॉप. प्ले 512 पिक्सेलचा चौकोन मागतं, पण शोधयादीत तो नखाएवढा दिसतो. म्हणून आम्ही फोनवर ‘चॅट’ शोधून यादीचा स्क्रीनशॉट घेतला, भाच्याचा आयकॉन त्याच मापात मध्ये चिकटवला आणि चित्र कृष्णधवल केलं. रंग गेला तशी सगळी गंमत उघडी पडली: करड्या चौकोनात पांढरा बबल, आत काहीतरी. हातभर लांबून त्याला आपलाच आयकॉन चटकन सापडेना, संत्र्याचा ठिपका झालेला.

मग बबल काढला आणि संत्र्यालाच शेपूट दिलं, मागं गडद जांभळा रंग. आतल्या फोडींच्या रेषा लहान मापात चिखल होत होत्या, त्या तीनच ठेवल्या. शेपूट आधी कोपऱ्यात गेलं होतं; प्ले स्वतःच कोपरे गोल करतं आणि फोनचा लाँचर कधी पूर्ण वर्तुळ कापतो, म्हणून ते आत ओढलं. डार्क थीमवर जांभळा पार्श्वभूमीत विरला, तो एक छटा उजळ केला. कृष्णधवल यादीत आता बाह्याकारच वेगळा दिसतो.

अ‍ॅप लाइव्ह झाल्यावर प्ले कन्सोलमध्ये दोन आयकॉनची परीक्षाही लावता येते, पण दिवसाला दहा-वीस जण येणाऱ्या पानावर त्या आकड्यांना काही अर्थ नसतो. तोवर स्क्रीनशॉटच बरा.