टोस्टमध्ये घडलेला दिवस सांगा

"हाउसकीपिंग आणि किचनच्या बक्षीस समारंभात जीएमने टोस्टला काय बोलावं?"

वाशीच्या हॉटेलात मी हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. 'तुम्ही हॉटेलचा कणा आहात' हे वाक्य आमच्या मुलींना पाठ झालंय. त्यापेक्षा घडलेला एक दिवस सांगा. आमच्या साहेबांनी लॉगबुक मागवून पावसातला दिवस निवडला. लाँड्रीची गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकली होती, पँट्रीत चादरी मोजक्याच उरल्या होत्या. तेव्हा एका रूम अटेंडंटने मुक्कामी पाहुण्यांना विचारून त्यांच्या चादरी एक दिवस तशाच ठेवल्या आणि स्वच्छ चादरी चेकआउटच्या खोल्यांना वापरल्या. एकही नवा पाहुणा लॉबीत ताटकळला नाही. हे साहेबांनी तिचं नाव घेऊन, सोप्या हिंदीत सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

किचन म्हणताना शेफपाशी थांबू नका. बँक्वेटनंतर मध्यरात्रीपर्यंत कढया-पातेली घासणारे स्टुअर्डिंगवालेही त्यातच येतात, आणि नेमकी त्यांचीच नावं राहतात.

वेळ मात्र दुपारी साडेतीनची ठेवा, दोन्ही पाळ्या तेव्हा हजर असतात. रात्री ठेवलात तर ज्यांचा सत्कार, तेच आत जेवण बनवत असतात. ग्लासात कोकम सरबत चालतं, सगळेच उचलतात.