वायफायवरचा ब्रिज का अडतो: दोष केव्हीएमचा नव्हे, फ्रेमच्या रचनेचा

«वायफायवर ब्रिज चालत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. माझ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो व्यवस्थित चालतो. केव्हीएममध्ये चालत नसेल तर दोष केव्हीएमचा नाहीतर स्वस्तातल्या कार्डाचा. प्रॉमिस्क्युअस मोड Allow All करा, तरीही अडलं तर 4addr चालू करा. एनएटी घेऊ नका, त्यात बाहेरून व्हीएम दिसतच नाही.»

सोलापुरात नेटवर्किंगची कामे करणाऱ्या आमच्या मंडळींत हा संदेश बराच फिरला आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात या सल्ल्यावर विसंबून एक पूर्ण दुपार वाया गेली, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

कारखान्यातील मांडणी साधी होती. उबुंटू असलेल्या लॅपटॉपवर केव्हीएमखाली एक व्हीएम होते, त्यात ऑर्डर नोंदवण्याचा वेब सर्व्हर ८०८० या पोर्टवर चालत होता आणि गोदामातील दोन टॅब्लेटना तो वायफायवरून उघडायचा होता. व्हीएमच्या खिडकीत नेटवर्कसाठी macvtap निवडल्यावर कोणतीही त्रुटी दिसली नाही, पण व्हीएमला आयपी पत्ताही मिळाला नाही. त्याऐवजी ब्रिज तयार करून त्यात वायफाय कार्ड जोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लिनक्सने स्पष्ट नकार दिला:

```
$ sudo ip link set wlp2s0 master br0
Error: Device does not allow enslaving to a bridge.
```

हा नकार कार्डाच्या किमतीवर ठरत नाही. २०१० साली आलेल्या २.६.३३ या कर्नलपासून लिनक्स साध्या ग्राहक अवस्थेतील वायफाय कार्डाला ब्रिजमध्ये घेतच नाही, कारण घेऊनही उपयोग नसतो. इथरनेटच्या तारेवर पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता कोणताही असला तरी साधा स्विच तो निमूटपणे शिकून घेतो. वायफायमध्ये मात्र लॅपटॉपकडून ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या फ्रेममध्ये तीनच पत्ते असतात: पहिला ॲक्सेस पॉइंटचा, दुसरा पाठवणाऱ्याचा आणि तिसरा अंतिम मुक्कामाचा. «हवेतून फ्रेम कोणी सोडली» आणि «ती मुळात कोणाची» या दोन प्रश्नांची उत्तरे त्या दुसऱ्याच रकान्यात एकत्र बसवलेली आहेत. तेथे व्हीएमचा पत्ता लिहिला, की ॲक्सेस पॉइंटच्या दृष्टीने ती फ्रेम एका अनोळखी यंत्राची ठरते. त्या यंत्राने जोडणी केलेली नाही आणि त्याच्या नावाने कूटलेखनाची किल्लीही ठरलेली नाही, त्यामुळे ती फ्रेम टाकून दिली जाते. macvtap ने गाजावाजा न करता केले ते हेच.

हे डोळ्यांनी पाहता येते. व्हीएम सुरू होत असताना यजमान लॅपटॉपवर पुढील आज्ञा चालवावी:

```
sudo tcpdump -eni wlp2s0 arp or port 67
```

कारखान्यात `52:54:00` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून, म्हणजे केव्हीएमच्या व्हीएमकडून, पत्ता मागणाऱ्या विनंत्या पुन्हा पुन्हा बाहेर जाताना दिसत होत्या, परंतु राउटरचे उत्तर एकदाही आले नाही. फसगत होते ती एका गोष्टीने: इतर यंत्रांचे सर्वांसाठी असलेले संदेश मात्र आत येत राहतात, त्यामुळे जोडणी अर्धी तरी चालते आहे असे वाटते.

प्रॉमिस्क्युअस मोडचा उपाय येथेच निकामी ठरतो. व्हर्च्युअलबॉक्समधील ती निवड इतकेच ठरवते, की यजमानापर्यंत पोहोचलेली दुसऱ्याची रहदारी व्हीएमला दाखवायची की नाही. जी फ्रेम ॲक्सेस पॉइंटने पाठवलीच नाही ती या सेटिंगने कोठून येणार? शिवाय वायफायमध्ये एका यंत्रासाठी आलेल्या प्रत्येक फ्रेमची पोच २.४ गिगाहर्ट्झवर अवघ्या १० मायक्रोसेकंदांच्या अंतराने द्यावी लागते. हे काम कार्डाचे हार्डवेअर करते आणि सामान्यतः केवळ स्वतःच्या पत्त्यासाठी करते. नुसते ऐकता येणे म्हणजे संवाद होणे नव्हे.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालते ते काय? त्या सद्गृहस्थांचा अनुभव खोटा नाही, निष्कर्ष चुकीचा आहे. वायफाय कार्ड निवडल्यावर व्हर्च्युअलबॉक्स खरा ब्रिज करत नाही. बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर तो व्हीएमऐवजी लॅपटॉपचा मॅक पत्ता लिहितो, एआरपी आणि डीएचसीपीचे संदेश वाचून कोणता आयपी कोणत्या व्हीएमचा हे लक्षात ठेवतो, आणि परत आलेल्या फ्रेमवर त्या आयपीवरून व्हीएमचा पत्ता पुन्हा चढवतो. शेजारच्या संगणकावर `arp -a` दिले, की लॅपटॉप आणि व्हीएम या दोघांच्या आयपीसमोर एकच मॅक दिसतो. ज्या नेटवर्कमध्ये आयपी आणि मॅकची जोडी तपासली जाते तेथे ही युक्ती अडते, कारण डीएचसीपीच्या संदेशात आत व्हीएमचा मॅक असतो आणि फ्रेमवर लॅपटॉपचा. केव्हीएम असा फेरफार करत नाही. याला दोष म्हणावे असे मला वाटत नाही.

4addr विषयीचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. चार पत्त्यांची फ्रेम वापरली तर मूळ पाठवणाऱ्यासाठी स्वतंत्र रकाना मिळतो आणि अडचण मुळातूनच सुटते. मात्र ती फ्रेम ॲक्सेस पॉइंटलाही समजली पाहिजे. ओपनडब्ल्यूआरटी चढवलेल्या राउटरवर डब्ल्यूडीएस चालू करून हे जमते. कारखान्यातील राउटर इंटरनेट पुरवठादाराने दिलेला होता आणि त्यात ही सोय नव्हती. आज्ञा कार्डाने स्वीकारली, ब्रिजही तयार झाला आणि पुढच्याच क्षणी व्हीएमसोबत लॅपटॉपचेही नेटवर्क गेले. `4addr off` करून पुन्हा जोडणी करेपर्यंत हिशेबनीसांचे काम थांबले होते. काही कार्डांचे ड्रायव्हर ही आज्ञा सुरुवातीलाच नाकारतात. त्यांचे उपकारच म्हणायचे.

राहिला एनएटीचा मुद्दा. एनएटीमागचे व्हीएम बाहेरून आपोआप दिसत नाही हे खरे, पण एक पोर्ट पुढे पाठवला की पुरते. आम्ही व्हीएम केव्हीएमच्या नेहमीच्या एनएटी नेटवर्कमध्ये `192.168.122.10` या पत्त्यावर ठेवले आणि लॅपटॉपवर एवढेच चालवले:

```
socat TCP-LISTEN:8080,fork,reuseaddr TCP:192.168.122.10:8080
```

टॅब्लेटवर लॅपटॉपचा आयपी आणि ८०८० टाकताच ऑर्डरचे पान उघडले. या उपायाला मर्यादा आहेत. तो टीसीपीपुरता चालतो, नेटवर्कवर आपोआप शोधली जाणारी उपकरणे त्यातून सापडत नाहीत, आणि सर्व्हरच्या नोंदीत दोन्ही टॅब्लेट `192.168.122.1` याच पत्त्याने दिसतात.

नोंद कोणत्या टॅब्लेटवरून झाली हे मालकांना कळायला हवे होते, त्यामुळे ही मर्यादा तेथे खरोखर नडली. यूएसबी वायफाय डोंगल थेट व्हीएमच्या ताब्यात देणे हा एक पर्याय होता. तसे केल्यास व्हीएम स्वतःच्या मॅक पत्त्याने ॲक्सेस पॉइंटशी जोडणी करते आणि ब्रिजची गरजच उरत नाही. राउटर त्याच खोलीत असल्याने अखेर लॅपटॉपला केबल लावली आणि macvtap इथरनेट कार्डावर वळवले. व्हीएमला राउटरकडून लगेच पत्ता मिळाला आणि नोंदीत दोन्ही टॅब्लेट वेगवेगळे दिसू लागले. त्यानंतर त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमधून मात्र ऑर्डरचे पान उघडेना. त्याचा वायफायशी संबंध नाही: macvtap मध्ये यजमान आणि त्याचे स्वतःचे व्हीएम एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, त्यासाठी इथरनेट कार्ड `br0` मध्ये घ्यावे लागते, आणि तारेच्या बाबतीत लिनक्स ते विनातक्रार घेते.