शिळं नको, आम्हाला ताजाच पत्ता हवा!

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, आणि कॅशे म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर परत द्यायला जपून ठेवण्याची जागा. तुम्हाला हा डीएनएसचा कॅशे आवडत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. साइट उघडली नाही की घरात पहिला संशय त्याच्यावर, कॉल सेंटरवाल्याला फोन लावला तर तोही नाव न विचारता म्हणतो "कॅशे क्लिअर करा सर". आणि मुळात आधी कधीतरी विचारून ठेवलेला पत्ता परत वाढायचा म्हणजे शिळंच की! आपल्यात सकाळची पोळी रात्री फोडणी देऊन खातात ते वेगळं, ती चवीची गोष्ट आहे. पत्ता मात्र ताजाच पायजे. तर आजपासून कॅशे बंद, प्रत्येक वेळी अगदी मुळापासून चौकशी करायची. कशी ते सांगतो.

समजा तुम्हाला मराठी विकिपीडिया उघडायचाय, म्हणजे mr.wikipedia.org. मशीनला नाव कळत नाही, त्याला आयपी पत्ता लागतो. तुमचा फोन स्वतः काही शोधत नाही, तो इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो आणि हात बांधून उभा राहतो, सगळी पायपीट त्या रिझॉल्व्हरची. आपण कॅशे बंद केलेला असल्यामुळे तो बिचारा रिकाम्या डोक्याने थेट सगळ्यात वरच्या, म्हणजे रूट सर्व्हरकडे जाणार. रूटची नावं 13, a पासून m पर्यंत, पण एकेका नावामागे जगभर खूप मशिनं, त्यातलं जवळचं उत्तर देतं. काही मुंबईतही आहेत, त्यामुळे "अमेरिकेत जाऊन यावं लागतं" असं कोणाला सांगू नका, हसतील.

रूट काय सांगतो? पत्ता? छे. तो म्हणतो, "विकिपीडिया वगैरे मला ठाऊक नाही, पण org चं काम बघणारे हे लोक, त्यांना विचारा." आपल्या गल्लीत पत्ता विचारल्यावर "असं सरळ जा नि पुढे विचारा" म्हणतात ना, तस्संच, फरक इतकाच की रूट कधी चुकीच्या दिशेला पाठवत नाही. मग रिझॉल्व्हर org वाल्यांकडे. ते म्हणतात, "mr ठाऊक नाही, पण wikipedia.org चा कारभार ns0.wikimedia.org वगैरे नेमसर्व्हर बघतात, आणि हे घ्या त्यांचे आयपी." (आयपी सोबत द्यावेच लागतात. ns0.wikimedia.org हे नावही org मधलंच, ते शोधायला परत org कडेच यायचं म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.) मग तिसरा दरवाजा, विकिमीडियाचे स्वतःचे नेमसर्व्हर. ते सांगतात की mr.wikipedia.org हे नुसतं टोपणनाव आहे, खरं नाव dyna.wikimedia.org. आणि त्या खऱ्या नावाचा आयपी काय, तो एकदाचा मिळतो, तोही तुम्ही जगात कुठून विचारताय ते बघून जवळच्या डेटा सेंटरचा.

झालं, एक नाव झालं. आता पान उघडायला लागेल, मग त्यातले फोटो upload.wikimedia.org वरून येतात, म्हणजे पुन्हा रूट, पुन्हा org, पुन्हा तेच नेमसर्व्हर. बातम्यांची साइट असेल तर जाहिराती, फॉण्ट, व्हिडिओ, मोजणीवाले असं करत वीस-पंचवीस नावं सहज होतात, प्रत्येकाची वारी वेगळी. चहा ठेवून या तोपर्यंत. ताजं खायचं तर वेळ लागतोच.

माझ्या घरच्या लाइनवर मी एकदा बघितलं, कारण रविवारी मला दुसरं काम नव्हतं. dig नावाची कमांड असते, ती शेवटी किती वेळ लागला तेही सांगते. एकच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारला.

```
$ dig mr.wikipedia.org
;; Query time: 187 msec
$ dig mr.wikipedia.org
;; Query time: 4 msec
```

दुसऱ्या वेळी रिझॉल्व्हर उठलाच नाही, मागचं उत्तर खिशात होतं तेच काढून दिलं. आळशी! अशा लोकांमुळेच तुमचं पान झटकन उघडतं आणि तुम्हाला वाटतं नेट फास्ट आहे.

बरं, हा आळशी माणूस नियमाने आळशी आहे हे तुमच्यासारख्या शुद्धतावाद्याने अजिबात वाचू नये. प्रत्येक उत्तरावर एक आकडा छापलेला असतो, टीटीएल, हे उत्तर किती सेकंद ठेवायचं तो. तो आकडा ज्याच्या नोंदवहीतलं उत्तर आहे तोच ठरवतो, दुधाच्या पिशवीवर डेअरी तारीख छापते तसं. रूट जेव्हा org वाल्यांचा पत्ता देतो तेव्हा त्यावर 172800 सेकंद लिहिलेलं असतं, म्हणजे दोन दिवस. dyna.wikimedia.org च्या आयपीवर मात्र फक्त काही मिनिटं, कारण एखादं डेटा सेंटर बंद पडलं तर गर्दी पटकन दुसरीकडे वळवता आली पाहिजे.

आणि मजा इथेच आहे. ती काही मिनिटं संपली की रिझॉल्व्हर पुन्हा रूटपासून सुरू करतो का? नाही हो! फक्त शेवटचं उत्तर शिळं झालंय, नेमसर्व्हर कोण हे अजून खिशात आहे, org चं काम कोण बघतं तेही आहे. तो थेट तिसऱ्या दारावर जातो, एक प्रश्न विचारतो, परत येतो. पायरी पायरीची वेगळी मुदत. त्यात एकाच रिझॉल्व्हरवर हजारो घरं, त्यामुळे org कुठे हे दोन दिवसात एकाने विचारलं की बाकी सगळ्यांचं फुकटात काम होतं. सगळ्यांनी तुमच्यासारखा स्वाभिमान दाखवून दरवेळी रूट गाठला तर त्या 13 नावांना जेवायलासुद्धा फुरसत मिळणार नाही. पण तो त्यांचा प्रश्न.

तुम्ही रोज सकाळी उठून

```
ipconfig /flushdns
```

एवढं करत जा. याने फक्त तुमच्या विंडोजच्या खिशातलं रिकामं होतं, कंपनीच्या रिझॉल्व्हरचं जसंच्या तसं राहतं. म्हणजे स्वतःचं नुकसान शंभर टक्के आणि ताजेपणा शून्य. तरी मनाला बरं वाटतं, आणि हल्ली तेवढंच मिळतं.

आता पुढचा धडा, साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे. यात मी स्वतः अनुभवी आहे. आमच्या ढोलताशा पथकाची छोटी साइट आहे, नवीन सभासदांची नोंदणी तिथेच होते. जुन्या होस्टिंगची मुदत संपत आली होती म्हणून मी नवीन घेतलं, गुरुवारी रात्री दहाला आयपी बदलला, टीटीएल 86400 होता, म्हणजे चोवीस तास, तो त्याच वेळी कमी करून 300 केला, किती हुशार मी, आणि साडेदहाला जुनं होस्टिंग बंद करून झोपलो. तुम्हीही अगदी असंच करा.

सकाळी ग्रुपवर दोन पक्ष पडले. अर्धे म्हणतात साइट मस्त दिसतेय, अर्धे म्हणतात "खातं बंद आहे" असं पान येतंय. मी सगळ्यांना सांगितलं की माझ्याकडे चालू आहे, तुमच्याच फोनमध्ये काहीतरी आहे. दुपारी लक्षात आलं की टेस्टिंगसाठी मी नवीन आयपी माझ्या लॅपटॉपच्या hosts फाइलमध्ये हाताने लिहिला होता आणि काढायचा विसरलो होतो. लॅपटॉप डीएनएसला विचारायच्या आधी ती फाइल बघतो, आणि तिला टीटीएल बिटीएल काही नसतो, जग बुडालं तरी माझ्याकडे चालूच दिसणार होतं. ही युक्ती खास तुमच्यासाठी राखून ठेवलीये.

मग होस्टिंगवाल्याला फोन. तो म्हणाला, "प्रोपगेट व्हायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात सर." हे वाक्य पाठ करून ठेवा, फार वजनदार आहे. ऐकणाऱ्याला वाटतं नवीन पत्ता जगभर हळूहळू पसरतोय, पालखीसारखा गावोगावी मुक्काम करत. पसरत काहीच नसतं. नवीन उत्तर नेमसर्व्हरवर केव्हाच लागलेलं असतं, जुन्या उत्तराच्या प्रती आपापल्या खिशात तारीख संपायची वाट बघत असतात, एवढंच. hosts मधली ओळ काढली आणि विचारलं (नाव इथे उदाहरणाचं टाकलंय):

```
$ dig +noall +answer www.example.com
www.example.com. 27900 IN A 192.0.2.10
```

आयपी जुना, आणि मधला आकडा 86400 नाही, 27900. परत विचारलं तर अजून कमी. आकडा उतरताना दिसला की समजायचं कोणाच्या तरी खिशातलं उत्तर आहे. दुपारचे दोन वाजले होते, 27900 सेकंद म्हणजे पावणेआठ तास, म्हणजे माझ्या रिझॉल्व्हरला कोणीतरी गुरुवारी रात्री पावणेदहाला हा पत्ता विचारला होता, मी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी. तो शुक्रवारी पावणेदहापर्यंत जुनाच सांगणार होता, आणि त्याला दोष देता येत नाही, चोवीस तास चालेल असं त्या उत्तरावर मीच लिहिलं होतं. ज्यांच्या रिझॉल्व्हरला आधी कोणी विचारलंच नव्हतं त्यांना पहिल्या फटक्यात नवीन साइट दिसली. थेट नेमसर्व्हरला विचारायचं असेल तर dig मध्ये @ लावून त्याचं नाव द्यायचं, तिथे नवीन दिसलं की तुमचं काम बरोबर झालंय, राहिलं ते फक्त घड्याळ.

शहाणे लोक काय करतात तेही सांगतो, म्हणजे ते टाळता येईल. ते बुधवारीच टीटीएल 300 करतात, मग पूर्ण चोवीस तास जाऊ देतात, म्हणजे 86400 वाल्या सगळ्या प्रती मरतात, मग आयपी बदलतात, जुना सर्व्हर दोनेक दिवस चालू ठेवतात, आणि सगळं स्थिर झाल्यावर टीटीएल परत वाढवतात. मी आकडा कमी केला तो बरोबरच होता, फक्त एक दिवस उशिरा. आधीच खिशात गेलेल्या प्रतीवरचा आकडा बाहेरून बदलता येत नाही.

शेवटचा सल्ला उतावळ्यांसाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी. नवीन सबडोमेन काढायचंय, समजा nondani.example.com. तर नेमसर्व्हरवर त्याचं रेकॉर्ड घालायच्या आधीच ते नाव ब्राउझरमध्ये टाकून बघा, "आलं का?" म्हणून. येणार NXDOMAIN, असं नावच नाही. आता तुम्हाला वाटेल नाही तर नाही, पण "नाही" हेसुद्धा उत्तरच आहे आणि तेही जपून ठेवतात. किती वेळ, ते त्या डोमेनच्या कारभाराची मुख्य नोंद असते त्या SOA रेकॉर्डवरून ठरतं, तिथे कोणी एक तास लिहिला असेल तर एक तास. मग तुम्ही रेकॉर्ड घाला, व्यवस्थित, एकही चूक न करता, आणि तासभर तुमच्या रिझॉल्व्हरकडून ऐका की असं नावच नाही. ज्याने आधी डोकावलं नाही त्या शेजाऱ्याकडे मात्र लगेच उघडेल. त्याचा स्क्रीनशॉट आल्यावर रेकॉर्ड डिलीट करून परत घाला, तीनदा तरी, आणि मधे मधे रिफ्रेश मारत राहा.