ओएसपीएफ राउटिंगमध्ये एरिया केले तरी अपडेट पलीकडे का पोचतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «एरिया केले की एका एरियातले फ्लडिंग दुसऱ्यात जात नाही, असे आपण लिहिले आहे. आम्ही तीन एरिया केले, तरी एरिया १ मधली एक लिंक खालीवर होऊ लागली की एरिया २ मधल्या राउटरवर नवे एलएसए येतच राहतात. शिवाय आजचे प्रोसेसर एसपीएफचे गणित काही मिलिसेकंदांत उरकतात. मग ही सगळी गुंतागुंत कशासाठी?»

उत्तर:

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि माझे वाक्य अपुरे होते. ते फक्त टाइप १ आणि टाइप २ या एलएसएंना, म्हणजे राउटर एकमेकांकडे फ्लड करतात त्या माहितीच्या नोंदींना, लागू पडते. राउटर स्वतःच्या लिंकांविषयी जे सांगतो ते टाइप १ मध्ये असते आणि सामायिक नेटवर्कवर कोणकोण जोडलेले आहे ते टाइप २ मध्ये असते. या दोहोंतून एरियाचा नकाशा तयार होतो आणि तो नकाशा सीमेवर थांबतो. त्या एरियातील पत्त्यांची, म्हणजे प्रीफिक्सची, यादी मात्र थांबत नाही. आपल्याला एरिया २ मध्ये जे दिसते आहे, ते बहुधा या यादीतले बदल आहेत.

समजा, एरिया १ मधील 10.1.37.0/30 ही लिंक तुटली. तिच्या दोन्ही टोकांचे राउटर आपापला टाइप १ वाढीव अनुक्रमांकासह नव्याने काढतात. तो ज्याच्याकडे प्रथम पोचतो, तो राउटर आलेली बाजू सोडून एरियातील उरलेल्या सर्व शेजाऱ्यांना तो पाठवतो. त्यामुळे एकाच लिंकवर दोन्ही टोकांनी तोच एलएसए एकमेकांकडे धाडला, असेही अनेकदा घडते. मग एरिया १ मधील प्रत्येक राउटर सर्वांत कमी कॉस्टचे मार्ग शोधणारे डाइक्स्ट्राचे गणित, म्हणजेच एसपीएफ, पुन्हा करतो. सीमेवरचा राउटर, म्हणजे एबीआर, हे टाइप १ सर्व एरियांना जोडणाऱ्या एरिया ० मध्ये जाऊ देत नाही. त्याने आधी स्वतःच्या नावाने एक टाइप ३ काढलेला असतो, आणि त्यात «या प्रीफिक्सपर्यंत माझ्याकडून इतकी कॉस्ट आहे» एवढेच असते. लिंक तुटल्यावर तो त्या टाइप ३ चे वय ३६०० सेकंद, म्हणजे कमाल मर्यादेइतके, करून त्याला एरिया ० मध्ये फ्लड करतो आणि अशा रीतीने मागे घेतो. हे पाहून एरिया २ चा एबीआरही स्वतःचा टाइप ३ एरिया २ मधून मागे घेतो. प्रत्येक सीमेवर दोन एबीआर असतील, तर एका तुटण्यामागे एरिया ० मध्ये दोन आणि एरिया २ मध्ये आणखी दोन एलएसए फिरतात, आणि लिंक परत आली की तितकेच पुन्हा.

हिशेब पुढे नेला तर आपली शंका अधिकच रास्त ठरते. एरिया १ मध्ये २०० प्रीफिक्स असतील, तर दोन एबीआर मिळून एरिया ० मध्ये ४०० टाइप ३ ओततात, आणि पलीकडचे दोन एबीआर एरिया २ मध्ये तितकेच ओततात. तेच २०० प्रीफिक्स ६० राउटरांवर पसरलेले असते आणि सगळे एकाच एरियात असते, तर त्यांच्यासाठी ६० टाइप १ आणि मोजके टाइप २ पुरले असते. म्हणजे केवळ रेघ मारून एरिया पाडल्याने डेटाबेसमधील नोंदी वाढूही शकतात.

तरीही एक गोष्ट साधलेली असते. टाइप ३ बदलला तर एरिया २ मधील राउटरला नकाशा नव्याने मांडावा लागत नाही. एबीआरपर्यंतचा मार्ग त्याला ठाऊकच असतो, त्यात टाइप ३ मधील कॉस्ट मिळवून तेवढ्या एका प्रीफिक्सचा निर्णय फिरवला की झाले. हे पडताळायचे असेल तर एरिया २ मधील एखाद्या राउटरवर `show ip ospf` चालवून `SPF algorithm executed` या ओळीतील आकडा टिपून ठेवावा. एरिया १ मधील लिंक खालीवर होत असताना तो वाढत नसेल, तर सीमा आपले काम करते आहे.

यादीही थांबवायची असेल, तर एरिया १ च्या प्रत्येक एबीआरवर पत्त्यांचे एकत्रीकरण करावे लागते:

```
router ospf 1
 area 1 range 10.1.0.0 255.255.0.0 cost 50
```

आता २०० प्रीफिक्सऐवजी प्रत्येक एबीआरकडून एकच टाइप ३ बाहेर जातो, आणि 10.1.37.0/30 तुटली तरी 10.1.0.0/16 कायम राहते. यात शेवटचा `cost 50` अनेकजण गाळतात आणि मग फ्लडिंग पूर्ण का थांबत नाही याचा शोध घेत बसतात. १९९८ च्या आरएफसी २३२८ नुसार एकत्रित प्रीफिक्सची कॉस्ट ही त्याच्या घटकांपैकी सर्वांत मोठ्या कॉस्टइतकी धरली जाते. खालीवर होणारी लिंक नेमकी सर्वांत दूरची असली, तर तिच्या प्रत्येक हेलकाव्यासोबत ही कमाल कॉस्ट बदलते आणि एकत्रित टाइप ३ पुन्हा निघतो. कॉस्ट स्थिर ठरवली की हा मार्गही बंद होतो. `show ip ospf database summary 10.1.0.0` मधील अनुक्रमांक अर्ध्या तासातून एकदाच, म्हणजे नेहमीच्या ताज्या नोंदीपुरताच, वाढत असेल तर काम झाले असे समजावे.

या लपवण्याची किंमत मोजावी लागते, हेही सांगायला हवे. एरिया १ आतून दुभंगला आणि दोन एबीआर दोन तुकड्यांत अडकले, तरी दोघेही संपूर्ण 10.1.0.0/16 जाहीर करत राहतात. ज्या एबीआरच्या तुकड्यात 10.1.37.0/30 नाही, त्याच्याकडे आलेले पॅकेट `Null0` कडे जाऊन टाकले जाते. एकत्रीकरण नसते, तर दुसऱ्या एबीआरच्या नेमक्या टाइप ३ मुळे ते योग्य दिशेने गेले असते. म्हणून दोन्ही एबीआरमध्ये एरिया १ च्या आतून जाणारी थेट लिंक ठेवण्याचा माझा आग्रह असतो. ती केवळ एरिया ० मध्ये असून भागत नाही.

प्रोसेसरविषयी आपण म्हणता ते शांत दिवसापुरते मला मान्य आहे, आणि काहीशे राउटरांचा एकच एरिया नीट चालवणेही शक्य आहे. माझी काळजी सरासरी वेळेची नसून एकाच वेळी पुष्कळ काही बिघडते त्या क्षणाची आहे. रांगा भरल्या की पोचपावत्या उशिरा जातात, साधारण ५ सेकंदांनी तेच एलएसए पुन्हा पाठवले जातात, आणि हॅलो संदेश ४० सेकंद पोचले नाहीत तर शेजार तुटतो. त्या तुटण्यातून आणखी टाइप १ जन्मतात. चुकून दोन राउटरांना एकच राउटर आयडी दिला गेला, तर ते एकमेकांचा टाइप १ स्वतःचाच समजून वाढत्या अनुक्रमांकाने पुनःपुन्हा काढत राहतात आणि तो कलह आपोआप शमत नाही. असे झाले तर एसपीएफच्या फेऱ्या कोणी कराव्यात, संपूर्ण नेटवर्कने की एका एरियाने, हे सीमेवर ठरते.

आपण बदल करण्यापूर्वी मात्र एरिया २ मध्ये येणारे एलएसए टाइप ३ आहेत की टाइप ५, हे आधी पाहावे. बाहेरून रीडिस्ट्रिब्यूट केलेले प्रीफिक्स टाइप ५ म्हणून येतात, ते सामान्य एरियांच्या सीमा जसेच्या तसे ओलांडतात, आणि वरील `range` त्यांना स्पर्शही करत नाही. ते असतील तर जो राउटर त्यांना आत आणतो त्याच्यावर `summary-address` लावावे लागेल, किंवा एरिया २ स्टब, म्हणजे टाइप ५ आत न घेणारा, करावा लागेल. त्या एरियात स्वतःचा बाहेरचा मार्ग आणणारा राउटर असेल, तर स्टबऐवजी एनएसएसए निवडावा.